सूचना पाठवली, पोचला मुक्तछंद: मेलमधल्या ओळी फोनवर का तुटतात आणि काय करायचं

बडोद्यातल्या आमच्या मंडळाची वार्षिक सभेची सूचना मी मेलने पाठवली आणि तासाभरात कारेलीबागेतल्या काकांचा फोन आला. "अरे, सूचना पाठवलीस की मुक्तछंद? एक ओळ लांब, एक आखूड, आणि मधेच 'सभेत' हा शब्द एकटाच उभा. काही राहून गेलं का?" काही राहिलं नव्हतं. माझ्या कॉम्प्युटरवर तोच मजकूर अगदी सरळ, नेटका दिसत होता. दांडिया बाजारातल्या घरी मोठ्या स्क्रीनवर बसून लिहिणारा मी, आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून फोनवर अक्षर मोठं करून वाचणारे काका. आमच्या दोघांच्या मधे मजकुरात काहीतरी घुसलं होतं.

ते काय घुसतं, ते कसं ओळखायचं आणि कसं काढायचं, एवढंच इथे लिहितो. हे सगळं साध्या मजकुराच्या मेलबद्दल आहे, म्हणजे ठळक अक्षरं, रंग, चित्रं नसलेल्या. अशा मेलमधून उचलून व्हॉट्सअॅपवर टाकलेल्या मजकुरालाही ते लागू पडतं, कारण मजकुराबरोबर दोषही उचलला जातो.

आधी एक फरक नीट समजून घ्या

स्क्रीनवर ओळ संपून पुढचा शब्द खाली जातो त्याची कारणं दोन असू शकतात. एक, जागा संपली म्हणून अॅपने शब्द खाली ढकलला. हा तोड मजकुरात कुठेही लिहिलेला नसतो. स्क्रीन रुंद केली की तो नाहीसा होतो, अरुंद केली की दुसरीकडे जातो. याला मी मऊ तोड म्हणतो. दोन, मजकुरातच त्या जागी "इथे ओळ संपवा" असं चिन्ह बसलेलं असतं, जसं आपण एंटर दाबल्यावर बसतं. हा पक्का तोड. स्क्रीन केवढीही असो, ओळ तिथेच तुटणार.

मेलमध्ये हे पक्कं चिन्ह खरं म्हणजे दोन चिन्हांची जोडी असते, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. नावं टेलिप्रिंटरच्या काळातली आहेत: आधी छपाईचा गाडा डावीकडे परत न्यायचा, मग कागद एक ओळ वर सरकवायचा. आमच्या मंडळाचे जुने चिटणीस आयुष्यभर टाइपरायटरवर बसलेले, त्यामुळे कॉम्प्युटरवरही ते प्रत्येक ओळीच्या शेवटी इमानाने एंटर दाबायचे. त्यांच्या सूचना फोनवर विस्कटायच्या त्या याच कारणाने. माझ्या बाबतीत मात्र एंटर मी दाबला नव्हता, तो प्रोग्रॅमने दाबला होता.

७२ हा आकडा आला कुठून

जुन्या टर्मिनलवर एका ओळीत ८० चिन्हं मावायची. त्याआधीच्या पंच कार्डांवरही ८० रकाने होते. मेलचे नियम त्याच जगात घडले. आज चालू असलेला मेलच्या स्वरूपाचा नियम, आरएफसी ५३२२, हा २००८ चा. तो सांगतो की ओळ शक्यतो ७८ चिन्हांच्या आत ठेवा आणि ९९८ च्या वर तर जाऊच देऊ नका. पहिली गोष्ट शिफारस आहे, दुसरी सक्ती. बरेच लोक, आणि बरेच प्रोग्रॅम, शिफारशीलाच सक्ती समजून बसले.

७८ चे ७२ कसे झाले? उत्तर देताना समोरच्याच्या प्रत्येक ओळीआधी `> ` लागतं, म्हणजे दोन चिन्हं वाढतात. उत्तराला उत्तर, त्याला परत उत्तर, अशा तीन फेऱ्या झाल्या तरी ७२ ची ओळ ७८ वरच थांबते. हिशेब चोख होता, पण सगळ्यांची स्क्रीन ८० ची असेल हे गृहीत धरून केलेला. काकांच्या फोनवर, त्यांनी ठेवलेल्या मोठ्या अक्षरात, एका ओळीत जेमतेम २२ मराठी अक्षरं मावतात, शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून.

माझ्या सूचनेचं नेमकं काय झालं

सभासदांना मेल पाठवायला मी पायथनची छोटी स्क्रिप्ट वापरतो. ती प्रत्येक परिच्छेदावर हे करायची:

```
body = textwrap.fill(text, 72)
```

सुसंस्कृत मेल ७२ वर मोडलेला असतो असं फार पूर्वी शिकलो होतो, म्हणून ही ओळ मीच हौसेने घातली होती. तिच्यातून निघालेली सूचना अशी:

```
येत्या रविवारी सायंकाळी साडेपाच वाजता मंडळाच्या सभागृहात वार्षिक
सर्वसाधारण सभा होणार असून सर्व सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे. सभेत
गतवर्षीचा जमाखर्च मांडला जाईल व नव्या कार्यकारिणीची निवड होईल.
```

इथे पहिल्या दोन ओळींच्या शेवटी पक्का तोड आहे. काकांचा फोन २२ अक्षरं झाली की मऊ तोड करतो. पण पक्क्या तोडाला तो हात लावू शकत नाही, तो पाळावाच लागतो. दोन्ही तोड एकमेकांवर पडले आणि काकांना हे दिसलं:

```
येत्या रविवारी सायंकाळी साडेपाच वाजता
मंडळाच्या सभागृहात वार्षिक
सर्वसाधारण सभा होणार असून सर्व
सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे.
सभेत
गतवर्षीचा जमाखर्च मांडला जाईल व
नव्या कार्यकारिणीची निवड होईल.
```

दुसऱ्या ओळीत "वार्षिक"नंतर "सर्वसाधारण" मावलं असतं, पण मधे पक्का तोड. "सभेत"ची गोष्ट त्याहून वाईट. "राहावे."पर्यंत २० अक्षरं झाली, "सभेत"ला जागा उरली नाही, म्हणून फोनने ते खाली ढकललं, आणि खाली आल्याबरोबर त्याच्यामागे माझा पक्का तोड उभा होता, म्हणून ते एकटं पडलं. इंग्रजी मजकुरात हे आणखी ठळक दिसतं. ४० चिन्हांच्या स्क्रीनवर ७२ ची ओळ म्हणजे एक ४० ची आणि एक ३२ ची. ३८ च्या आसपास मावत असतील तर ३८ आणि ३४. जिथे ७२ ची ओळ स्क्रीनपेक्षा जराशीच मोठी, म्हणजे आडव्या धरलेल्या फोनवर किंवा छोट्या टॅबलेटवर, तिथे एक पूर्ण ओळ आणि खाली एक शब्द, परत पूर्ण ओळ, परत एक शब्द, अगदी कंगव्यासारखं.

मराठीत ७२ म्हणजे ७२ नसतात

ही गोष्ट मला काकांच्या फोनपर्यंत माहीत नव्हती. वरची पहिली ओळ मोजून पाहा. डोळ्यांना दिसणारी अक्षरं २९ आणि सात मोकळ्या जागा, एकूण ३६. प्रोग्रॅमच्या हिशेबी ती ६४ चिन्हांची आहे. कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी त्याला वेगळी चिन्हं. "वार्षिक" आपल्याला तीन अक्षरांचा शब्द. त्याला सात: व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क. त्यामुळे ७२ वर मोडलेला मराठी मजकूर दिसायला इंग्रजीच्या जवळपास अर्धाच रुंद होतो. मोठ्या स्क्रीनवरही उजवीकडे भलीमोठी रिकामी पट्टी उरते आणि लिहिणाऱ्याला वाटतं, आपण नेटकं लिहिलंय.

काही प्रोग्रॅम तर चिन्हंही मोजत नाहीत, बाइट, म्हणजे चिन्ह साठवायला लागणारे तुकडे, मोजतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. गुजरातीचंही तसंच, त्यामुळे आमच्या सूचनेच्या गुजराती प्रतीची तीच गत होते. पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं `wordwrap()` हे फंक्शन त्यातलं. त्याची ठरलेली रुंदी ७५ आहे, पण बाइटची. त्यात माझी सूचना टाकली तर पहिली ओळ "येत्या रविवारी सायंकाळी" इथेच संपेल, कारण तेवढ्यातच ६५ बाइट होतात आणि "साडेपाच"ला आणखी २२ लागतात, आधीची मोकळी जागा धरून. त्याच फंक्शनला शब्द कापायची परवानगी दिली असेल तर चिन्हाच्या तीन बाइटच्या मधेच सुरी पडू शकते, आणि मग अक्षराच्या जागी � असे चौकोन उमटतात. मराठी मेलमध्ये ओळी विचित्र आखूड असतील आणि मधेमधे असे चौकोनही असतील, तर बाइट मोजणाऱ्या प्रोग्रॅमवर संशय घ्यायला हरकत नाही.

दोष पक्क्या तोडाचाच आहे हे कसं ओळखायचं

पहिली चाचणी फुकटची. मेल फोनवर उघडा आणि फोन आडवा करा. परिच्छेदाच्या मधल्या सगळ्याच ओळींचे शेवटचे शब्द बदलले तर तोड मऊ आहेत, मजकूर निर्दोष आहे. फोन आडवा केल्यावरही उजवीकडे जागा मोकळी ठेवून ओळ त्याच शब्दावर संपत असेल, तर तिथे पक्का तोड आहे. काकांना मी फोनवरच हे करायला सांगितलं. ते म्हणाले, "आडवा केला तरी 'वार्षिक'वरच संपतंय." निदान झालं.

दुसरी चाचणी, मजकूर वर्डमध्ये चिकटवून Ctrl+Shift+8 दाबायची. प्रत्येक ओळीच्या शेवटी ¶ दिसलं तर पक्के तोड. फक्त परिच्छेदाच्या शेवटी दिसलं तर ठीक. कधीकधी ¶ ऐवजी वळलेला बाण दिसतो. तोही पक्काच, फक्त दुसऱ्या जातीचा.

इथे एका फसव्या वाटेपासून सावध करतो. जीमेलमध्ये "Show original" उघडून कच्चा मेल बघायचा मोह होतो. मराठी मेलमध्ये तिथे बहुतेकदा असलं काहीतरी दिसतं: इंग्रजी अक्षरांचा अखंड काला (बेस-६४), किंवा `=E0=A4=95` सारख्या तुकड्यांच्या रांगा आणि ओळीच्या शेवटी `=`. तो तुकडा म्हणजे "क". या दोन्ही पद्धतींत ओळी ७६ च्या आत तोडलेल्या असतात, पण ते तोड प्रवासापुरते असतात. पोचल्यावर वाचणारं अॅप ते काढून टाकतं आणि मूळ मजकूर जसाच्या तसा जोडतं. तिथल्या आखूड ओळी बघून दोष सापडला असं समजू नका. मी अर्धी दुपार तिथे घालवली आहे.

उगमापाशी थांबवा

माझ्या स्क्रिप्टचा उपाय लाजिरवाणा सोपा होता. `textwrap`ची ओळ काढली आणि परिच्छेद अखंड दिला:

```
from email.message import EmailMessage
msg = EmailMessage()
msg.set_content(text)
```

अखंड परिच्छेद म्हणजे ९९८ ची सक्ती मोडली, असं कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. यूटीएफ-८ मेलमध्ये ही मर्यादा बाइटमध्ये धरतात, आणि माझी वरची दोन वाक्यं एका ओळीत लिहिली तर १९६ चिन्हं पण ५३२ बाइट होतात. असे दोन परिच्छेद जोडले की मर्यादा ओलांडलीच. पण `set_content` लांब ओळी बघून मजकूर स्वतःच बेस-६४ सारख्या रूपात बांधतं, प्रवासात ओळी ७६ च्या राहतात आणि पोचल्यावर परिच्छेद अखंड उघडतो. नेहमीचे मेल प्रोग्रॅमही हेच करतात. धोका आहे तो हाताने मेल जुळवून कच्चा यूटीएफ-८ मजकूर तसाच सोडणाऱ्या स्क्रिप्टला. वाटेतला एखादा सर्व्हर लांब ओळ आपल्या मर्जीने तोडतो, आणि काही जुने सर्व्हर तर तोडल्या जागी `!` ठेवून देतात. परिच्छेदाच्या मधेच एकटं उद्गारचिन्ह उगवलं असेल तर ते लेखकाच्या भावनेचं नव्हे, याचं.

स्क्रिप्ट न वापरणाऱ्यांनी आपला मेल प्रोग्रॅम तपासावा. कॉम्प्युटरवरच्या आउटलुकच्या जुन्या रूपात File, मग Options, Mail आणि Message format इथे "Automatically wrap text at character" असतं. तिथे मुळात ७६ असतात, ते तिथे चालेल तितके वाढवा. थंडरबर्डमध्ये Settings, General, अगदी तळाला Config Editor. तिथे `mailnews.wraplength` शोधा, ७२ असेल, ० केलं की मोडणं बंद. जीमेलच्या वेब पानावर लिहिताना तीन ठिपक्यांच्या मेन्यूत "Plain text mode" वर खूण असेल तर पाठवताना ओळी ७८ च्या आसपास पक्क्या तुटतात, आणि लिहिताना ते दिसतही नाही. ते बदलायची सोय मला त्यात सापडलेली नाही, म्हणून मी ती खूणच काढतो. साधा मजकूर हवा म्हणून खूण ठेवायची आणि ओळीही अखंड हव्यात, असं तिथे दोन्ही जमत नाही.

एक मधला मार्गही आहे. मेलच्या डोक्यावर असं लिहिलेलं असतं:

```
Content-Type: text/plain; charset=UTF-8; format=flowed
```

यात ओळी ७२ वरच मोडतात, पण मोडलेल्या ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा सोडलेली असते. ती जागा म्हणजे खूण: "हा तोड खरा नाही, पुढची ओळ जोडून घ्या." जागा नसेल तर तोड खरा. कल्पना १९९९ ची, सध्याचा नियम आरएफसी ३६७६, २००४ चा. थंडरबर्ड मुळात असाच पाठवतो. जुन्या टर्मिनलवर वाचणाऱ्याला नेटक्या ओळी, फोनवाल्याला अखंड परिच्छेद. पण समोरच्याचं अॅप ही खूण पाळणारं हवं, आणि वाटेत कुणी ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा "साफ" करायला नको. जागा गेल्या की सगळे तोड पक्के झाले. दोन्ही गोष्टी आपल्या हातात नाहीत, म्हणून सभासदांच्या मेलसाठी मी यावर विसंबत नाही.

बिघडलेला मजकूर दुरुस्त करणं

गेल्या वर्षीचा मेल उचलून त्यातच तारीख बदलायची ही आपली सगळ्यांची सवय. त्यात जुने पक्के तोड बरोबर येतात, नवे शब्द घातले की ते ओळीच्या मधे सरकतात. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरातही प्रत्येक छापील ओळीशेवटी तोड येतो. वर्डमध्ये Ctrl+H उघडून क्रमाने हे करा:

१. वळलेले बाण दिसत असतील तर आधी `^l` ऐवजी `^p` घाला. मग ओळींच्या टोकाच्या फालतू जागा काढा: ` ^p` शोधा (आधी एक मोकळी जागा), त्याऐवजी `^p` घाला. हे चुकवलं तर रिकाम्या दिसणाऱ्या ओळीत लपलेली जागा पुढची पायरी फसवते आणि दोन परिच्छेद एकमेकांना चिकटतात.

२. `^p^p` ऐवजी `@@@`. हे खरे परिच्छेद, त्यांना बाजूला ठेवलं.

३. उरलेल्या `^p` ऐवजी एक मोकळी जागा.

४. `@@@` ऐवजी परत `^p^p`, आणि शेवटी दोन मोकळ्या जागांऐवजी एक.

तिसऱ्या पायरीत जागेऐवजी काहीच घातलं नाही तर "वार्षिकसर्वसाधारण" असा नवा शब्द जन्मतो. माझ्याकडून एकदा तो तसाच गेला आहे. आणि ही पद्धत आंधळी आहे. पत्ता, विषयपत्रिका, कवितेच्या ओळी, सगळं ती एकात ओतते. असे भाग आधी कापून बाजूला ठेवा आणि नंतर परत चिकटवा, कारण तिथले तोड लेखकाने मुद्दाम दिलेले असतात.

मुद्दाम दिलेले तोडही अरुंद स्क्रीनचा विचार करून द्यावे लागतात. मंडळाच्या वर्गणीचा तक्ता मी पूर्वी मोकळ्या जागा मारून रकान्यांत लावायचो. फोनवर प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, त्यामुळे रकाने वाकडे होतात आणि लांब ओळीतली रक्कम घसरून पुढच्या नावाखाली जाते. आता एका ओळीत एकच जोडी लिहितो, मधे विसर्गासारख्या दोन टिंबांनी, आणि ओळ वीस अक्षरांच्या आत ठेवतो.

नवी सूचना सगळ्यांना पाठवण्याआधी मी एकट्या काकांना पाठवली. त्यांच्या फोनवर ती सहा ओळींत बसली, "सभेत" राहावेच्या शेजारी. त्यावर त्यांनी उत्तर लिहिलं, त्यात माझा मजकूर `>` लावून खाली आला, आणि त्यांच्या अॅपने तो पाठवताना स्वतःच्या हिशेबाने परत पक्का तोडलेला होता. उत्तरातला उतारा कसा तुटावा हे उत्तर देणाऱ्याच्या प्रोग्रॅमच्या हातात असतं. म्हणून मजकूर पुढे पाठवायचा असेल तेव्हा मी तो कुणाच्या उत्तरातून उचलत नाही, मूळ फाइल उघडतो.